गिळण्याची गाणी: सीमाभागातल्या अशक्य प्रतिमांमागची परंपरा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत भजनाला बसलं की मराठी अभंगाच्या पाठोपाठ एखादं कानडी तत्त्वपद निघणं यात नवल नसतं. ‘कोडगन कोळी नुंगित्ता’ हे त्यांतलं सगळ्यांना ठाऊक असलेलं. कोंबडीनं माकड गिळलं, असं ते सुरू होतं. रचना संत शिशुनाळ शरीफांची (1819–1889), म्हणजे युरोपात अतिवास्तववाद्यांचा, स्वप्नप्रतिमांवर कविता उभारणाऱ्यांचा, जाहीरनामा निघाला त्या 1924 सालाच्या कितीतरी आधीची. शरीफांनाही हे आभाळातून मिळालेलं नव्हतं. कानडीत बाराव्या शतकातल्या अल्लमप्रभूंपासून कोड्यासारखी वचनं आहेत, आणि मराठीत मुक्ताबाईंच्या नावावरच्या अभंगात मुंगी आकाशात उडून सूर्याला गिळते.

शरीफांच्या पदात जे येतं ते काहीतरी गिळत सुटतं. शेळी हत्तीला गिळते, भिंत चुन्याला, उखळ मुसळाला, जातं खुंट्याला. ऐकणारा हसतो, पण ‘काहीही काय’ असं म्हणत नाही. कारण भिंत चुना पिते हे घर सारवणाऱ्या-रंगवणाऱ्या प्रत्येकानं पाहिलंय. मुसळ उखळात जातंच, खुंटा जात्याच्या पोटात असतोच. म्हणजे ‘गिळणं’ त्या वस्तूंत आधीपासून होतं. कवीनं फक्त ते क्रियापद मोठ्यानं उच्चारलं.

सगळ्यात नेमकी ओळ मागाची आहे. मागावर बसलेल्या माणसाला खड्ड्यानं गिळलं. वडगाव-खासबागसारख्या विणकरांच्या वस्तीत वाढलेल्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. जुना खड्डामाग जमिनीत असतो; विणकर काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर. दारातून पाहिलं तर माणूस कमरेपर्यंतच दिसतो. अर्धा गिळलेलाच असतो तो. उरलेला अर्धा गाण्यानं गिळला, एवढंच.

शेवटाकडे डोंगर गुहेला गिळतो, गुहेला मुंगी गिळते, आणि मग गुरू गोविंदांचे पाय आत्म्याला गिळतात. गोविंदभट्ट हे शरीफांचे गुरू. मधल्या ओळींची अदलाबदल केली तर पद फारसं बिघडत नाही, पण ही ओळ वर नेऊन पाहा. आत्मा चुन्यासारखा आणि मुसळासारखा गिळला जातो हे पटायला आधी चुना आणि मुसळ गिळून झालेलं असावं लागतं. एकच क्रियापद, ओळखीच्या वस्तूंवरून हळूहळू अनोळखी ठिकाणी नेलेलं.

ज्ञानदेवांच्या नावावर गायल्या जाणाऱ्या ‘काट्याच्या अणीवर वसली तीन गावे’ची युक्ती वेगळी आहे. दोन गावं ओसाड, एक वसेचिना. जे वसेचिना तिथे तीन कुंभार आले, दोन थोटे, एकाला घडेचिना. ज्याला घडेना त्यानं मडकी घडवली. इथे एकही ओळ हलवता येत नाही, कारण प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या शेवटच्या नकारातून जन्मते. जग अशक्य आहे, हिशेब मात्र सावकाराच्या वहीसारखा चोख.

फ्रेंच कवी पिएर रव्हर्दी यांनी 1918 मध्ये प्रतिमेबद्दल मांडलेलं सूत्र इथे आठवतं: दोन वास्तवं जितकी लांबची आणि त्यांचं नातं जितकं अचूक, तितकी प्रतिमा जोरदार. पुढच्या अतिवास्तववादी मंडळींनी ‘लांबची’ हा भाग उचलला आणि ‘अचूक’ हा योगायोगावर सोडला, असं माझं मत आहे. आपल्याकडच्या नव्या कवितेतही तोच भाग जास्त झिरपला.

उदाहरणादाखल एक ओळ घेऊ: ‘आईचा माग समुद्र झाला, धोटा पक्षी झाला, खिडकीला ताप आला.’ तीन प्रतिमा, तीन नियम. धोटा इकडून तिकडे जातो म्हणून पक्षी ठीक. समुद्राला आणि तापाला मागात जागा नाही. त्यांच्या जागी रेल्वे आणि पोपट घातले तरी फरक पडणार नाही, आणि तीच खूण: जी वस्तू बदलून चालते ती उगाच आलेली असते. आता एकच नियम धरू, मागात गेलेलं कापड होऊन बाहेर येतं. सूत संपलं तेव्हा आईनं केस लावले. केस संपल्यावर अंगाईचे शब्द. संध्याकाळी आम्ही हाक मारली तर पदर तेवढा हलला. चौथी गोष्ट काय विणली जाईल याचा अंदाज वाचणाऱ्याला आधीच येतो आणि तरी ती दिसली की दचकायला होतं.

एकच नियम धरून चालण्याची मर्यादा एकच, पण मोठी. गाण्यात नियम उघड चालतो, कारण टाळ आणि ध्रुवपद त्याला रेटत असतात. गद्यात तोच नियम पाचव्यांदा आला की वाचणारा पुढचं पान गाळतो. म्हणून कथेत तो दोनदा दाखवावा, तिसऱ्यांदा मोडावा, आणि मोडल्याची किंमत कुठल्यातरी पात्राला मोजावी लागावी.