हप्त्याचा एकच मेसेज दोनदा का गेला?

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर भागातले सभासद असलेल्या एका पतसंस्थेत एका सकाळी गोंधळ उडाला. कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देणारा मेसेज प्रत्येकाला दोनदा गेला. काही ज्येष्ठ सभासदांनी हप्ताही दोनदा भरला, काही जण घाबरून शाखेत येऊन बसले. संचालक मंडळाचा प्रश्न सरळ होता: हे कसं झालं आणि पुन्हा होणार नाही कशावरून? त्यांच्यासाठी मी जी टिप लिहिली, तिच्यातला मुख्य भाग इथे मांडतो.

मेसेज पाठवणारा प्रोग्राम दर पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू होतो. लिनक्समधली क्रॉन ही सोय त्याला वेळेवर उठवते. क्रॉन फक्त घड्याळ बघतो. आधी सुरू केलेलं काम संपलं की नाही, हे तो तपासत नाही. प्रोग्राम उठला की ‘बाकी’ अशी खूण असलेल्या नावांची यादी काढायचा, एकेक मेसेज पाठवायचा आणि सगळे संपल्यावर शेवटी एकदमच ‘पाठवला’ अशी खूण करायचा.

त्या दिवशी यादीत १,२०० नावं होती. एरवी एका मेसेजला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, म्हणजे सहा-सात मिनिटांत काम उरकतं. त्या सकाळी मेसेज पुढे नेणारी सेवा मंदावली आणि प्रत्येकाला साधारण एक सेकंद लागू लागला. नऊला सुरू झालेलं काम संपायला ९:२० झाले. मधे ९:१५ ला क्रॉनने दुसरी फेरी सुरू केली. तोवर ९०० मेसेज गेले होते, पण खुणा झाल्याच नव्हत्या. त्यामुळे दुसऱ्या फेरीला सगळी १,२०० नावं ‘बाकी’ दिसली. लग्नघरातून दोघं जण एकच यादी घेऊन आमंत्रणाच्या अक्षता द्यायला निघावेत, तसं झालं.

९:२० ला पहिल्या फेरीने खुणा केल्या, पण दुसरीने आपली यादी आधीच उचलली होती. ती पुन्हा उघडून बघत नव्हती. ९:३० च्या तिसऱ्या फेरीला मात्र काहीच ‘बाकी’ सापडलं नाही, म्हणून तिसरा मेसेज कुणालाच गेला नाही.

कारण हेच, हे कशावरून? दुहेरी मेसेजचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे ‘मेसेज मिळाला’ असं सेवेचं उत्तर वेळेत न आल्याने प्रोग्रामने केलेला पुन्हा प्रयत्न. तसं असतं तर ज्यांच्या मेसेजचं उत्तर अडकलं अशा थोड्याच लोकांना, तेही विखुरलेल्या वेळी, दोन मेसेज गेले असते. नोंदवहीत मात्र प्रत्येक सभासदाच्या दोन मेसेजमधलं अंतर पंधरा मिनिटांच्या आसपास होतं आणि नावांचा क्रमही दोन्ही वेळा तोच. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की दोन फेऱ्या एकमेकींवर चढल्या असंच समजावं.

मुख्य बदल खुणेच्या वेळेत केला. आता मेसेजच्या आधीच एकेका नावाची खूण ‘बाकी’ म्हणजे `pending` वरून ‘पाठवतोय’ म्हणजे `sending` अशी होते:

```sql
UPDATE reminders SET status = 'sending'
WHERE id = 4071 AND status = 'pending';
```

डेटाबेस एका ओळीवर एका वेळी एकालाच बदल करू देतो. दोन फेऱ्या एकाच क्षणी आल्या तरी एक थांबते; तिची पाळी येते तेव्हा अट खोटी ठरलेली असते आणि ‘शून्य ओळी बदलल्या’ असं उत्तर येतं. शून्य आलं की मेसेज पाठवायचा नाही. मेसेज गेल्यावर खूण ‘पाठवला’ अशी होते.

शिवाय क्रॉनच्या ओळीत `flock -n` हे कुलूप जोडलं आहे. आधीची फेरी चालू असेल तर नवी फेरी लगेच मागे फिरते, आणि प्रोग्राम मधेच बंद पडला तर कुलूप आपोआप सुटतं. पण प्रोग्राम दोन कॉम्प्युटरवर चालवला, तर प्रत्येकाचं कुलूप वेगळं. त्यामुळे खरा भरवसा वरच्या खुणेवरच आहे.

एक फट उरते आणि ती मी मंडळापासून लपवलेली नाही. मेसेज गेला आणि ‘पाठवला’ खूण होण्याआधीच वीज गेली, तर नाव `sending` वर अडकतं. मेसेज गेला की नाही, हे आपल्या बाजूने ठरवता येत नाही. बेभरवशाच्या वाटेने निरोप पाठवून दोन बाजूंना एकमेकांबद्दल पक्की खात्री कधीच करून घेता येत नाही. संगणकशास्त्रात १९७५ साली हा प्रश्न मांडला गेला आणि पुढे ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यामुळे निवड करावीच लागते: अडकलेलं नाव पुन्हा पाठवून दुहेरीचा धोका पत्करायचा, की न पाठवून चुकण्याचा.

औषधाची आठवण असती तर मी पुन्हा पाठवा म्हटलं असतं. इथे दुसऱ्या मेसेजने माणसं दोनदा पैसे भरतात. म्हणून अडकलेली नावं प्रोग्राम आपोआप पाठवत नाही. ती रोज सकाळी दहा वाजता शाखेतल्या कारकुनाच्या स्क्रीनवर येतात आणि तो सभासदाला फोन करून विचारतो.