मुकटा, पीतांबर आणि फोटोतल्या दशा

श्रावण उतरायला लागला की कोकणातल्या घरांत ट्रंका उघडतात. गणपतीच्या आधी सोवळी बाहेर काढायची, पडवीत वाऱ्यावर टाकायची, कसर लागली का ते बघायचं. यंदा गुहागरजवळच्या आमच्या गावच्या घरून वहिनींनी चार कपड्यांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "भाऊजी, यातलं खरं रेशीम कुठलं? ह्यांना काही म्हणजे काही आठवत नाही." ट्रंक तिकडे, मी रत्नागिरीत, आणि मध्ये धो धो पाऊस. नोकरीची बरीच वर्षं कापड तपासण्यात गेल्यामुळे असे फोटो मला येतच असतात.

चारांतले दोन पाच मिनिटांत सुटले. एक पंचा होता. साधी वीण, एक धागा वर एक खाली, आणि प्रत्येक धाग्यावर बारीक लव. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरांचा असतो. असे हजारो आखूड तंतू पिळून सूत होतं, त्यामुळे तंतूंची टोकं जागोजागी बाहेर डोकावतात आणि उजेड सगळीकडे विखुरतो. म्हणून साधं सुती कापड निस्तेज दिसतं. तुटलेल्या धाग्याचं टोकही केरसुणीच्या बुडख्यासारखं विसकटलेलं आणि निमुळतं असतं. दुसरी होती धाबळी. तिची वीण फोटोत धड दिसतच नव्हती, कारण लोकरीच्या तंतूवर खवले असतात. वापरून, धुऊन ते एकमेकांत अडकतात आणि वीण खाली दडते. त्यामुळे फाटलेल्या कडेलाही दशा, म्हणजे सुटून लोंबणारे धागे, जवळपास नव्हत्या. शिवाय तीन-चार भोकं. कसर लोकरीवर आणि रेशमावर ताव मारते, ॲक्रिलिकला सहसा तोंड लावत नाही. तेव्हा कसरीनेही साक्ष दिली म्हणायची.

खरा घोळ उरलेल्या दोघांचा. एक तांबूस, विरलेला मुकटा, आजोबांचा म्हणून सांगितला जाणारा. दुसरा पिवळाधमक पीतांबर, कुणी कधी आणला ते कुणालाच ठाऊक नाही. दोघेही चमकत होते, आणि वहिनींनी फोटो फ्लॅश मारून काढले होते.

फ्लॅशमध्ये काय होतं ते सांगतो. उजेड कॅमेऱ्याच्या शेजारून निघतो, कापडावर आपटतो आणि सरळ परत येतो. त्यात पोत पुसला जातो आणि मधोमध एक पांढरा डाग उरतो. मी वहिनींना म्हटलं, फ्लॅश बंद करा, पडवीत या, उजेड एका बाजूने आडवा येईल असं बसा. कापड काळ्या छत्रीवर पसरा. कापडाचा मधला भाग नको, टोक हवं, जिथे दशा सुटल्यात ते. आडवा एक धागा बोटभर ओढून बाहेर काढा, आणि त्याच्या शेजारी डोक्यावरचा एक केस ठेवा.

केस कशाला, तर मोजायला. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचा चौदावा भाग. रेशमाचा एक तंतू १० ते १३ मायक्रॉनचा. आता फोनचं गणित बघा. फोटोच्या रुंदीत ४००० ठिपके आहेत आणि चौकटीत चार सेंटिमीटर कापड मावलंय, तर एका ठिपक्याच्या वाट्याला १० मायक्रॉन येतात. म्हणजे केस सात ठिपके रुंद दिसेल आणि रेशमाचा तंतू कसाबसा एक. हाच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की आकसतो. समजा १६०० ठिपके उरले, तर प्रत्येक ठिपका २५ मायक्रॉनचा झाला आणि सुटा तंतू फोटोतून गेलाच. मग धागा दिसतो, तंतू दिसत नाही. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला. एवढं करूनही फोन स्वतःच्या अकलेने कडा ठळक करतो, ते वेगळंच. केस फोटोत स्वच्छ दिसत नसेल, तर त्या फोटोवरून तंतूंबद्दल बोलायचं नाही, असा माझा नियम आहे.

नवे फोटो आले. आधी चकाकी बघितली, कारण नजर तिथेच जाते. पण चकाकीवर मी फार विसंबत नाही. गुळगुळीत लांब तंतू एका दिशेने शेजारी शेजारी पडले की उजेडाचा पट्टा धाग्यांना आडवा उमटतो. सॅटिनच्या विणीत धागा चार-सहा धाग्यांवरून तरंगत जातो, म्हणून ते कापड एका बाजूने झळकतं आणि काटकोनात फिरवलं की मंदावतं. ही करामत विणीची आहे. सुताचं सॅटिनही झळकतं. त्यात सूत मर्सराइज केलेलं असेल, म्हणजे ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढलेलं, तर बघायलाच नको. कापसाचा तंतू मुळात चपटा आणि पीळ पडलेल्या फितीसारखा असतो. सोड्यात तो फुगतो, गोल होतो आणि चमकायला लागतो.

तरीही रेशमाच्या चमकेत काहीतरी वेगळं असतं. त्याच्या तंतूचा छेद गोल नसतो, गुळगुळीत कोपऱ्यांच्या त्रिकोणासारखा असतो, आणि कीटकाने तो काढलेला असल्यामुळे सगळीकडे एकसारखाही नसतो. त्यामुळे उजेड तुकड्या-तुकड्यांनी, मऊपणे परततो. साध्या पॉलिएस्टरचा तंतू गोल, काचेच्या सळीसारखा आणि अथपासून इतिपर्यंत एकाच जाडीचा. म्हणून तो टोचल्यासारखा लखलखतो. पण हे कारखानदारांनाही माहीत आहे. ते तंतू तीन पाकळ्यांच्या छेदाचा काढतात, किंवा तंतू ओढण्याआधी मालात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड किंचित मिसळून चकाकी हवी तेवढी उतरवतात. पॉलिएस्टरची चमक ठरवून दिलेली असते. तिच्यावरून जात ओळखायला जाणारा फसतो.

दशांना मात्र असं सजवायला कुणी बसत नाही.

पीतांबराचा ओढून काढलेला धागा काळ्या छत्रीवर पिंजारल्यासारखा पसरला होता. तंतू लांबच लांब, मध्ये कुठेही टोक बाहेर नाही. म्हणजे सूतही नव्हे आणि लोकरही नव्हे. पण प्रत्येक तंतूला बारीक नागमोडी वळणं होती, आणि सगळे एकमेकांपासून फटकून उभे. कारखान्यात गरम करून, पीळ देऊन फुगवलेल्या पॉलिएस्टरचं हे लक्षण. रेशमाचे तंतू असे रुसत नाहीत. ते एकमेकांना धरून, सरळ आणि मऊ पडतात.

तेवढ्यावर मी ऐंशी टक्के म्हटलं असतं. उरलेलं काम कडेने केलं. फोटो मोठा करून कापलेली कड बघितली, तर तिथे ओळीने चकचकीत, गोल, कडक ठिपके होते, केसाच्या दोन-तीनपट जाड. दुकानात कुणीतरी तापलेल्या सुरीने ते कापड कापलं होतं. पॉलिएस्टर २५०-२६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि थंड झाल्यावर तंतूंच्या टोकांचे मणी होतात. रेशीम वितळत नाही, करपतं. मणी दिसले की प्रश्न निदान रेशमाचा उरत नाही. मणी नायलॉनचेही होतात, पण सोवळ्याच्या बाजारात तो संशय घेण्यात फारसा अर्थ नाही.

आता मुकटा. त्याचे आडवे धागे एकसारखे नव्हते. इथे जाड, तिथे बारीक, मधूनच एखादी गाठ. हाताने काढलेल्या रेशमात असं होतं. हल्ली पॉलिएस्टरमध्येही मुद्दाम गाठी पाडतात, म्हणून पुन्हा दशांकडेच गेलो. तंतू लांब, सरळ, चिकटून पडलेले. आणि जिथे घडी वर्षानुवर्षं मोडली होती तिथे धागे चिरले होते, तंतूंचे तुकडे होऊन भुगा झाला होता. जुनं रेशीम असंच मरतं. पॉलिएस्टर घडीवर सहसा असं फुटत नाही. मी वहिनींना कळवलं, "मुकटा रेशमाचा. काठही रेशमाचाच, जरा जास्त चकचकीत रंगवलेला."

काठाबद्दल मी चुकलो.

पोत बघताना काठही लांब, गुळगुळीत तंतूंचा दिसत होता, लव नव्हती, मणी नव्हते. मग रेशीम नाही तर काय, असा मी विचार केला. वहिनी मात्र हुशार. त्यांनी अंगाचा एक आणि काठाचा एक धागा ओढला, चिमट्यात धरला, पाण्याच्या ताटलीवर काडीने पेटवला आणि फोन केला.

"भाऊजी, अंगाच्या धाग्याला केस जळल्यासारखा वास येतोय. काळी गोळी झाली, बोटाने चुरली. काठाचा धागा भुरकन जळून गेला. कागद जाळल्यासारखा वास, आणि राख करडी."

केसाचा वास म्हणजे प्रथिन. रेशीम प्राण्याचं आणि लोकरही, म्हणून दोघांचा वास एक. आपल्या सोवळ्याच्या नियमातही ती दोन एका बाजूला आणि सूत दुसऱ्या बाजूला आहे, ही एक गंमत. कागदाचा वास म्हणजे सेल्युलोज, झाडाचा माल. पण सुताची लव तर काठाला नव्हती. मग तो रेयॉन. लाकडाचा लगदा रसायनात विरघळवून बारीक भोकांतून ओढलेला हा तंतू. १८९२ साली इंग्लंडात त्याच्या व्हिस्कोस पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं, आणि आपल्याकडे तो 'आर्ट सिल्क' म्हणून विकला गेला. तंतू रेशमासारखा सलग, घटक कापसाचा. सूत, रेशीम, लोकर की पॉलिएस्टर, असं चौघांतून एक निवडायला बसलं की हा पाचवा बरोबर निसटतो.

खरं तर फोटोत एक खूण होती आणि मी ती वाचली नव्हती. मुकट्याचं अंग घड्यांवर चिरलं होतं, पण काठ घडी नसलेल्या जागीही झिरझिरीत झाला होता, त्याच्या दशा लोंबत होत्या. रेयॉन ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. ओल्या कापडाला पिळा दिला की पहिला तोच तुटतो. आजोबा मुकटा विहिरीवर धूत असत, आणि पिळताना हात राखत नसत.

तशी फोटोची मर्यादा आधीच दिसायला हवी. तंतू सलग आहे की आखूड, एवढं फोटो बऱ्यापैकी खरं सांगतो. तो कशाचा बनलाय हे तो आडवळणाने सांगतो, मणी, भोकं, चिरा अशा खुणांतून, आणि त्या खुणा असल्या तरच. पॉलिएस्टरचे तंतू कापसाएवढे आखूड कापून दोन्ही एकत्र कातले की टेरिकॉट होतं. त्याच्या फोटोत लव दिसते आणि सूत वाटतं. जुन्या टेरिकॉटवर घासून गोळे धरलेले असतात आणि ते गळून पडत नाहीत, एवढाच आधार. नव्याकोऱ्या टेरिकॉटच्या फोटोवर मी काहीच बोलत नाही.

वहिनींनी दुसऱ्या दिवशी विचारलं, मुकट्याला आता हात लावू की नको. म्हटलं, धुऊ नका, घडी बदलून सुती पंच्यात गुंडाळून ठेवा. पीतांबर पुतण्या नेसणार होता, आरतीला. नेसू दे, पण निरांजन फिरवताना सोगा खोचून घे म्हणावं. ते कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं.