ओव्हरकास्ट, स्कॅटर्ड शॉवर्स आणि गस्ट्स: इंग्लंडचा हवामान अंदाज वाचताना

वायव्य इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-सरोवरांच्या प्रदेशात, केझिक या गावी एप्रिलमध्ये मुक्कामाला असलेल्या प्रवाशाला हवामानाचा अंदाज बऱ्याचदा पुढीलप्रमाणे वाचायला मिळतो: सकाळी ओव्हरकास्ट व पाऊस, दुपारी सनी इंटरव्हल्स आणि स्कॅटर्ड शॉवर्स, वायव्येचा वारा ताशी २० मैल, गस्ट्स ४० मैलांपर्यंत. यातील प्रत्येक शब्द सुटा वाचला, तर दिवसभर हवा वाईटच राहणार असे वाटते आणि फिरायला जाण्याचा बेत रद्द होतो. प्रत्यक्षात हे शब्द एकाच घटनेचे टप्पे सांगत असतात. अटलांटिक महासागरावरून येणारी शीत आघाडी, म्हणजे उबदार हवेला मागून ढकलत पुढे सरकणाऱ्या थंड हवेची सीमा, त्या दिवशी केझिकवरून जाणार आहे, एवढाच त्या अंदाजाचा अर्थ असतो.

आघाडी येण्यापूर्वी गावावर नैर्ऋत्येकडून आलेली उबदार, दमट हवा असते. ती हळूहळू, पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात वर चढते आणि तिच्यातील बाष्पापासून ढगांचा सलग, पसरट थर तयार होतो. हवामानशास्त्रात आकाशाचे आठ समान भाग कल्पून त्यांपैकी किती भाग ढगांनी झाकले आहेत, ते मोजतात. आठही भाग झाकलेले असले की आकाश ओव्हरकास्ट. हा शब्द पावसाबद्दल काहीच सांगत नाही, हे प्रवाशाने पक्के लक्षात ठेवावे, कारण ढगांचा थर पातळ असेल तर दिवसभर ओव्हरकास्ट राहूनही एक थेंब पडत नाही. अंदाजात पावसासाठी ‘रेन’ हा शब्द स्वतंत्रपणे आला असेल तरच तो गृहीत धरावा. अशा सलग थरातून पडणारा पाऊस रिपरिप, तास-दोन तास चालणारा आणि साऱ्या परिसरात जवळपास सारखा असतो. त्यातून सुटका करून घेण्यासाठी शेजारच्या गावात जाण्याचा काही उपयोग होत नाही; आघाडी पुढे सरकेपर्यंत वाट पाहावी लागते.

आघाडी गेली की वारा नैर्ऋत्येकडून वायव्येकडे वळतो, तापमान काही अंशांनी उतरते आणि आकाश फाटू लागते. आता आलेली हवा उत्तरेकडची थंड हवा असते. तिला खालून तुलनेने उबदार समुद्राची आणि दुपारच्या उन्हाने तापलेल्या जमिनीची ऊब मिळते. खाली ऊबदार आणि वर गार अशी हवेची स्थिती टिकत नाही. खालची हवा सुट्या सुट्या झोतांनी उसळून वर जाते आणि फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे ढग उभे राहतात. त्यांतील जे पुरेसे उंच वाढतात त्यांच्यातून सर कोसळते. सर म्हणजेच शॉवर. ती अचानक सुरू होते, जोरदार असू शकते, अचानक थांबते आणि दोन सरींच्या मध्ये स्वच्छ ऊन पडते. अंदाजातील सनी इंटरव्हल्स ते हेच.

यावरून ‘स्कॅटर्ड’ हे विशेषण कशाचे आहे, ते कळते. ते पावसाच्या जोराचे नसून विखुरलेल्या जागांचे आहे. थोड्या ठिकाणी पडणारी सर एखाद्या ठिकाणी धो-धो पडू शकते, गाराही पडू शकतात. म्हणून हा शब्द वाचून हलक्या पावसाची कल्पना करणे चूक ठरते. भारतीय हवामान विभागही हा शब्द जागेच्याच अर्थाने वापरतो: एखाद्या उपविभागातील २६ ते ५० टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला की इंग्रजी पत्रकात ‘स्कॅटर्ड’ असते आणि मराठीत ‘काही ठिकाणी’. ब्रिटनमधील सर्वसाधारण अंदाजात मात्र या शब्दामागे असा ठरलेला आकडा धरून चालू नये.

तेथे आकडा वेगळा दिलेला असतो, तो दर तासाच्या पावसाच्या शक्यतेचा. समजा, दुपारी एक ते चार या प्रत्येक तासापुढे ४० टक्के लिहिले आहे. याचा अर्थ तासातील ४० टक्के वेळ पाऊस पडेल असा नाही, तर त्या ठिकाणी त्या तासात कधीतरी पाऊस पडण्याची शक्यता ४० टक्के आहे, असा आहे. समजा, पाच किलोमीटर रुंद सर ताशी ३० किलोमीटर वेगाने सरकत आहे. ती एका जागेवरून दहा मिनिटांत निघून जाते. मात्र तिन्ही तास बाहेर राहणाऱ्याने आणखी एक हिशेब करावा. प्रत्येक तास कोरडा जाण्याची शक्यता ६० टक्के असेल आणि तास एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर तिन्ही कोरडे जाण्याची शक्यता ०.६ चा तीनदा गुणाकार, म्हणजे सुमारे २२ टक्केच उरते. खऱ्या हवेत लागोपाठचे तास इतके स्वतंत्र नसतात, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे. तरीही ‘४० टक्के म्हणजे बहुधा नाहीच’ असे समजून रेनकोट खोलीवर ठेवणाऱ्याने तो जरूर करून पाहावा.

सर आपल्याकडे येते आहे की नाही, हे काही तास आधी सांगता येत नाही, आणि ही या अंदाजाची खरी मर्यादा आहे. कोणत्या भागात सरी पडतील हे आधी कळते, नेमका कोणता ढग कोणत्या टेकडीवर रिकामा होईल हे नाही. त्यासाठी शेवटच्या अर्ध्या-एक तासातले पावसाचे रडार चित्र पाहावे आणि वाऱ्याच्या दिशेने नजर टाकावी. वायव्येचा वारा असेल तर वायव्येकडचे ढग आपल्याकडे येणार. ढगाचा तळ सपाट व काळा झाला असेल आणि त्याखाली राखाडी पडदा जमिनीपर्यंत उतरलेला दिसत असेल, तर तिथे सर पडते आहे. डोंगराच्या वाऱ्याकडच्या बाजूला सरी अधिक पडतात. त्याच दिवशी पेनाइन पर्वतरांगेपलीकडील न्यूकॅसल पुष्कळदा कोरडे राहते.

आता गस्ट्स. अंदाजातील ताशी २० मैल हा सरासरी वेग असतो; ब्रिटनमध्ये तो मोकळ्या जागी, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर दहा मिनिटांच्या सरासरीने मोजतात. गस्ट म्हणजे झोत. त्यासाठी तीन सेकंदांची सरासरी घेतली जाते. जमिनीलगतचा वारा झाडे, घरे आणि टेकड्यांना घासून मंदावतो, पण काही शे मीटर वर तो बराच वेगवान असतो. आघाडीनंतरच्या उसळत्या हवेत हे दोन्ही थर घुसळले जातात आणि वरचा वेगवान वारा थोड्या वेळासाठी खाली येतो. सरीतील पावसाचे काही थेंब वाटेतच बाष्प होतात आणि भोवतालची हवा गार करतात. ती जड हवा खाली आदळून चौफेर पसरते. म्हणूनच सर येण्याच्या मिनिटभर आधी गार झोत अंगावर येतो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २० ऐवजी ४० मैलांचा झोत दुप्पट नव्हे, चौपट जोराने ढकलतो. म्हणून छत्री निवडताना, सरोवरात होडी काढताना किंवा कड्यावरच्या पायवाटेवर जाताना सरासरीचा आकडा बाजूला ठेवून झोताचाच आकडा पाहावा. तोही गावासाठी दिलेला असतो. गावामागच्या डोंगरमाथ्यावर झोत त्याहून कितीतरी जोराचा असू शकतो, आणि माथ्याचा अंदाज ब्रिटनची हवामान संस्था मेट ऑफिस डोंगराळ भागासाठी वेगळा देते.