आधी ओलीचं मूळ, मग रंग

पावसाळ्याच्या तोंडावर आम्हाला येणारे बरेचसे फोन एकाच वळणाचे असतात. म्हणून ते बोलणंच इथे लिहून देत आहोत. फोन करण्याआधी वाचलंत, तर तुमची एक फेरी आणि आमची एक पाहणी वाचेल.

ग्राहक: बेडरूमच्या खिडकीवर गेल्या पावसाळ्यात ओल आली होती. आता पोपडे निघालेत. घासून, पुट्टी भरून वॉटरप्रूफ रंग मारून द्याल का?

आम्ही: रंग मारून देऊ ताई, पण शेवटी. त्या डागाला अजून हात लावू नका. आधी सांगा, ओल नेमकी कधी दिसते?

ग्राहक: मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी. मग चार-पाच दिवस राहते.

आम्ही: म्हणजे पाणी बाहेरून येतंय. उन्हाळ्यातही ओल राहिली असती, तर आधी नळाचा पाईप किंवा वरचं बाथरूम तपासलं असतं. आता डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, तारीख लिहा आणि फोटो काढून ठेवा.

ग्राहक: पण आतून चांगला रंग लावला की थांबणार नाही का?

आम्ही: नाही थांबणार. पाणी बाहेरून भिंतीत शिरतं, आतला रंग फक्त त्याची बाहेर पडायची वाट अडवतो. भिंत ओली ती ओलीच राहते, क्षार रंगामागे साठतात आणि पुढच्या पावसात रंग फुगून सुटतो. शिवाय डाग झाकला गेला की पाणी कुठून उतरतंय त्याची खूण पुसली जाते. मग आम्हाला पहिल्यापासून शोधावं लागतं. आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

ग्राहक: मग शोधायचं कसं?

आम्ही: बागेच्या पाईपने बाहेरून पाणी मारून, आणि तेही खालून वर. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातात आणि काहीच कळत नाही. तुमच्यासारख्याच एका खिडकीचं सांगतो. आधी खालच्या पट्टीवर पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडलं, आत कोरडं. मग चौकटीच्या बाजूंना, तरी कोरडं. शेवटी छज्जावर सोडलं. छज्जाचा ढाळ भिंतीकडे होता, म्हणून पाणी तिथेच साचलं आणि काही वेळाने आत पेन्सिलच्या रेघेपाशी काळपट ओल उमटली. छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यात बारीक भेग होती. ती रुंद करून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरली, कोपऱ्यात मसाल्याचा गोलसर उतार, म्हणजे वाटा मारला, ढाळ बाहेरच्या बाजूला केला आणि छज्जावर व भिंतीवर फूटभर उंचीपर्यंत कोटिंगचे दोन हात दिले. आतला लोणा कोरड्या ब्रशने झाडला. लोणा पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत भिंतीत मुरतात. भिंत वाळल्यावरच रंग लावला.

ग्राहक: एवढं सगळं एका दिवसात होईल?

आम्ही: नाही, आणि आम्ही तसं कबूलही करत नाही. मसाला वाळायला हवा, ओल्या पृष्ठभागावर कोटिंग धरत नाही. कोरडं झालंय की नाही ते तुम्हीही बघू शकता. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढा. खालच्या बाजूला दव असलं किंवा पृष्ठभाग काळपट पडला असला, तर थांबायचं. काम लांबलं म्हणून काही जण नाराज होतात, पण ही थांबण्याची मुदत आम्ही कमी करत नाही.

पाऊस सुरू होण्याआधी बघून घ्या (निदान महिनाभर आधी, म्हणजे काम निघालं तर वाळायला उन्हाचे दिवस मिळतील)

☐ जुन्या डागांचे फोटो काढले, कडा आखल्या. पुट्टी किंवा रंग लावलेला नाही.

☐ गच्चीच्या पाईपची तोंडं आणि जाळ्या साफ केल्या. बादलीभर पाणी ओतलं, ते न तुंबता गेलं.

☐ गच्चीचा कठडा जिथे स्लॅबला मिळतो तो कोपरा नीट पाहिला. वाटा सुटला असेल, तर गळती बहुधा तिथूनच असते.

☐ छज्जावरची माती आणि कुंड्या काढल्या. पाणी ओतून बघितलं: ते बाहेर जातं की भिंतीकडे?

☐ खिडकीच्या चौकटीभोवतीचं सिलिकॉन नखाने दाबून पाहिलं. कडक होऊन सुटलं असेल, तर काढून नवीन भरायचं. जुन्यावर नवा थर टिकत नाही.

☐ बाहेरच्या भिंतीतून आत येणाऱ्या वायरी आणि एसीच्या पाईपची भोकं बुजवली.

☐ ओल्या भिंतीला टेकलेलं कपाट चार बोटं पुढे ओढलं.

यातलं काही अडलं, तर फोटो आणि ओल कधी दिसते ते लिहून पाठवा. पाहणीनंतर मूळ कुठे आहे ते आम्ही कागदावर लिहून देतो, काम कोणाकडून करून घ्यायचं ते तुम्ही ठरवा. छज्जाचं किंवा बाहेरच्या भिंतीचं काम मात्र खिडकीतून वाकून करू नका. त्यासाठी परांची आणि सुरक्षापट्टे आम्ही घेऊन येतो.