सुट्टीच्या गायन बॅचेस: नव्या वेळा, आठवड्यातून दोनच वर्ग आणि बॅच मिळवण्याची पद्धत

आमच्या सांगलीच्या गायनवर्गाचं नेहमीचं वेळापत्रक सोमवार, बुधवार, शुक्रवार असं संध्याकाळी पाच ते सहाचं आहे. सोमवार, 4 मे 2026 पासून शनिवार, 13 जूनपर्यंत ते बंद राहील आणि त्या सहा आठवड्यांत सुट्टीचं वेळापत्रक चालेल. आठवड्यातून तीनऐवजी दोन वर्ग होतील, पण प्रत्येक वर्ग तासाऐवजी सव्वा तासाचा असेल.

दोनच दिवस का, हे पालक विचारतीलच. मे महिन्यात कोणी आजोळी जातं, कोणी लग्नाला, आणि तीन दिवसांच्या वेळापत्रकात एक दिवस हमखास बुडतो. मग उरलेल्यांना तोच आलाप पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. शिवाय संध्याकाळी पाच वाजता वरच्या मजल्यावरच्या खोलीत पंखाही गरम हवाच फिरवतो. वाढवलेल्या पंधरा मिनिटांत मागच्या वेळचं म्हणून घेता येईल. शाळेच्या दिवसांत घाईमुळे नेमकं तेच राहून जातं.

वेळा

सोमवारी आणि गुरुवारी सकाळी दोन बॅचेस असतील: पहिली 7.00 ते 8.15, दुसरी 8.30 ते 9.45. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी 8.30 ते 9.45 ही फक्त नव्याने सुरुवात करणाऱ्या मुलांसाठी. मोठ्यांच्या दोन बॅचेस मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी 6.30 ते 7.45 आणि 8.00 ते 9.15 अशा असतील. बुधवार परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी मोकळा ठेवला आहे, त्याबद्दल पुढे सांगते. शनिवारी वर्ग नाही. त्या दिवसांत वर्गातला मोठा तंबोरा जवारी काढायला मिरजेला जायचा आहे.

प्रत्येक बॅचमध्ये आठ जागा आहेत. त्याहून जास्त मुलं बसली तर एकेकाचा सूर वेगळा ऐकता येत नाही.

बॅच वेळेवर नाही, पट्टीवर ठरते

दर वर्षी सगळ्यात जास्त गैरसमज याच मुद्द्यावर होतात, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते. "आम्हाला सातची जमत नाही, साडेआठची द्या" असं सांगून बॅच बदलता येत नाही, कारण त्या दोन बॅचेसचा षड्ज, म्हणजे ज्या स्वराला 'सा' मानून गायचं तो, वेगळा आहे. सातची बॅच काळी चार पट्टीत गाते, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा मानून, आणि सोमवार-गुरुवारची साडेआठची काळी एकमध्ये. संध्याकाळीही तसंच आहे: साडेसहाला काळी चार, आठला काळी एक. साधारणपणे मुली, बायका आणि आवाज न फुटलेली लहान मुलं काळी चारच्या आसपास मोकळेपणाने गातात, आणि पुरुष व आवाज बदललेले मुलगे काळी एकच्या आसपास. काळी पाचमध्ये गाणारी एखादी मुलगी काळी चारच्या बॅचमध्ये सहज सामावते. पण काळी चारवाल्याला काळी एकमध्ये बसवलं तर मंद्रातला पंचम त्याच्या घशातून निघतच नाही, नुसता श्वास ऐकू येतो. उलट केलं तर तार षड्जाच्या वर ओरडणं सुरू होतं.

दोन पट्ट्या एकाच तासात का घेत नाही, असंही विचारलं जातं. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर पट्टी एका बटणात बदलते, हे खरं. खऱ्या तंबोऱ्याचं तसं नसतं. काळी एकसाठी लावलेल्या मोठ्या तंबोऱ्याच्या तारा काळी चारपर्यंत ओढल्या तर तुटतील. तबल्याचा दायाँही हातोडीने ठोकून अर्धा-एक स्वर वर किंवा खाली नेता येतो, त्यापलीकडे नाही. म्हणून वर्गात दोन दायाँ आहेत, मोठ्या तोंडाचा काळी चारसाठी आणि लहान तोंडाचा काळी एकसाठी. त्यात मेच्या कोरड्या उन्हात पुडी ताणली जाऊन स्वर चढतो आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर उतरतो, त्यामुळे प्रत्येक बॅचआधी वाद्यं लावायला वेळ लागतोच. दोन बॅचेसमधली पंधरा मिनिटं त्यासाठीच आहेत. त्या वेळात दारात उभं राहून प्रगतीची चौकशी करू नये, ही पालकांना विनंती. चौकशी बुधवारी निवांत करता येईल.

कोणाला अर्ज करता येईल

एप्रिल 2026 पर्यंत नियमित येणाऱ्या प्रत्येकाला सुट्टीच्या बॅचमध्ये जागा आहे, पण ती आपोआप मिळत नाही, पसंतीचा अर्ज द्यावाच लागेल. नव्या मुलांसाठी अट एवढीच, की 1 जून 2026 रोजी वय आठ वर्षं पूर्ण हवं. त्याहून लहान मुलांना गळा नसतो असं नाही, पण सव्वा तास एका जागी बसणं त्यांना जमत नाही आणि मग शेजारचंही गात नाही. मोठ्यांना वयाची अट नाही.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या एप्रिल-मेच्या सत्रात ज्यांची परीक्षा आहे, त्यांना बॅच वाटपात पहिलं प्राधान्य मिळेल. प्रात्यक्षिक होईपर्यंत त्यांना बुधवारी सकाळी 7.30 ते 8.30 हा जादा तास असेल, त्याची वेगळी फी नाही. प्रात्यक्षिक झालं की हा तास थांबेल.

कागदपत्रं

जुन्या विद्यार्थ्यांना फक्त पसंतीचा अर्ज द्यायचा आहे. त्यात नाव, सध्याची पट्टी, बॅचच्या दोन पसंती आणि गावाला जाणार असाल तर ते आठवडे लिहायचे. परीक्षार्थींनी सोबत प्रवेशपत्राचा फोटो जोडावा, कारण प्रात्यक्षिकाची तारीख मला त्यावरून कळते. "मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे बहुतेक" यावर बुधवारचं नियोजन होत नाही.

नव्या मुलांसाठी वयाचा एक पुरावा लागेल, जन्मदाखला किंवा शाळेच्या ओळखपत्राची प्रत चालेल. आधारची प्रत आणू नका, गाणं शिकवायला मला ती लागत नाही. मुलाचं नाव अर्जात मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, शाळेच्या दाखल्यावर आहे अगदी तसंच लिहा. पुढे परीक्षेला बसवलं की त्याचा अर्ज मी इथूनच भरते आणि प्रमाणपत्रावर तेच नाव छापून येतं. घरचं लाडाचं नाव किंवा आडनावाचं वेगळं स्पेलिंग एकदा तिथे गेलं की दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज आणि पुन्हा वाट पाहणं आलं.

अर्ज कसा आणि कधी

कोरा अर्ज वर्गाच्या दारापाशी ठेवला आहे आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकला आहे. सोमवार, 20 एप्रिल ते रविवार, 26 एप्रिल या आठवड्यात भरून द्यावा. आधी येणाऱ्याला आधी जागा असा प्रकार नाही, त्यामुळे पहिल्याच सकाळी धावपळ करू नये. आधी परीक्षार्थी, मग जुने विद्यार्थी, उरलेल्या जागांवर नवे, असा क्रम राहील.

सोमवार, 27 एप्रिलला संध्याकाळी पट्टी तपासणी आहे. नव्यांनी आणि बारा ते पंधरा वयाच्या सगळ्या मुलग्यांनी यायचं आहे. यात गुण नाहीत आणि काही पाठ करून यायचं नाही. मी पेटीवर एक स्वर धरते, मुलाने त्याला षड्ज मानून खाली मंद्र पंचमापर्यंत आणि वर तार गंधारापर्यंत 'आ'कारात जायचं. खाली आवाज विरतो का आणि वर मान ताणली जाते का, हे पाहिलं की पट्टी समजते. प्रत्येकाला फार तर पाच मिनिटं लागतात. बुधवार, 29 एप्रिलला यादी लागेल.

आवाज फुटत असलेल्या मुलाला यादीतून वगळलं जात नाही, याची काळजी नसावी. त्याला काळी एकच्या बॅचमध्ये बसवते आणि तार सप्तक बंद ठेवते. मंद्र-मध्यातले अलंकार हलक्या आवाजात घ्यायचे आणि अर्धा वेळ हातावर ताल धरून बंदिशीची स्वरलिपी लिहायची. वर ओढून गायला लावलं तर आवाज बसतो.

फी

आमची फी तासाला शंभर रुपये या हिशेबाने आहे, म्हणजे नियमित महिन्याचे बारा तास, 1200 रुपये. सुट्टीत सहा आठवड्यांचे बारा वर्ग, प्रत्येकी सव्वा तास, म्हणजे पंधरा तास, म्हणून 1500 रुपये. नियमित वेळापत्रकाने याच सहा आठवड्यांचे 1800 झाले असते. एप्रिल ते जून तिमाहीचे 3600 ज्यांनी आधीच भरले आहेत, त्यांचे वरचे 300 रुपये जुलैच्या फीत वळते होतील.

पूर्ण आठवडा गावाला असाल आणि ते अर्जात लिहिलं असेल, तर आठवड्याचे 250 रुपये कमी होतील, जास्तीत जास्त दोन आठवड्यांसाठी. आयत्या वेळच्या गैरहजेरीला ही सवलत नाही. दोन आठवड्यांहून अधिक जाणार असाल तर सुट्टीची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला दिली जाईल. जूनमधली तुमची नियमित जागा मात्र तशीच राहील.

उदाहरण म्हणून एका घरातली दोन मुलं घेऊ. बहीण चौथीत, भाऊ सातवीत, वय तेरा. दोघं आजवर काळी चारमध्ये एकत्र शिकत होती आणि आईने दोघांसाठी सकाळी सातची बॅच लिहिली. तपासणीत भावाचा आवाज तार षड्जावरच फाटला आणि मंद्र पंचम मात्र पूर्वीपेक्षा भरीव लागला. म्हणून तो साडेआठच्या बॅचमध्ये जाईल, बहीण सातलाच. आईला खेपा वाढणार नाहीत, कारण दोन्ही सोमवार-गुरुवारच आहेत: सव्वाआठला भावाला सोडायचं आणि बहिणीला घ्यायचं. 18 ते 23 मे हा आठवडा दोघं कोल्हापूरला मामाकडे आहेत आणि ते अर्जात लिहिलं आहे. म्हणजे प्रत्येकाची सुट्टीची फी 1500 वजा 250, अशी 1250. तिमाही फीत या सहा आठवड्यांचे प्रत्येकी 1800 भरलेले असल्याने 550 शिल्लक राहतात, दोघांचे मिळून 1100. जुलैला दोघांचे 2400 होतात, त्यातले 1300 तेवढे द्यायचे.

नव्यांनी फी यादी लागल्यावरच भरावी, आधी नको. 3 मेपर्यंत कळवून जागा सोडली तर पूर्ण रक्कम परत मिळेल. वर्ग सुरू झाल्यावर परतावा नाही.

बॅच बदलून हवी असेल तर पहिल्या आठवड्यात, आणि त्याच पट्टीच्या दुसऱ्या बॅचमध्ये जागा असेल तरच. शाळकरी मुलांना संध्याकाळच्या बॅचमध्ये घेत नाही, तिथे ख्यालाची लय मुलांना पेलणारी नसते. सोमवार, 15 जूनपासून सगळे आपापल्या जुन्या वेळेला, संध्याकाळी पाचला येतील. त्यासाठी वेगळा अर्ज नको. फक्त ज्या मुलग्यांची पट्टी बदलली आहे, त्यांनी त्या आठवड्यात बुधवारी यावं, त्यांचा वार मला नव्याने ठरवावा लागेल.