डिझाइन ज्युरी: पात्रता, कागदपत्रं आणि ज्याच्यावर खरं अडतं ते पान

आर्किटेक्चरच्या शेवटच्या ज्युरीत जे अडकतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं डिझाइन वाईट नसतं. प्लॅन चालणारा असतो, मॉडेलही नीट केलेलं असतं. पण "हे असंच का?" असं विचारलं की समोर ठेवायला काहीच नसतं, आणि मग रिज्युरीचा शेरा पडतो. दर सत्रात हेच चालतं, म्हणून ही माहिती. नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात उरकतो आणि जिथं माणसं घसरतात तिथं जास्त थांबतो.

पात्रतेचं फार काही नाही. हजेरी भरलेली हवी, आधीच्या टप्प्यांच्या क्रिट झालेल्या हव्यात आणि त्या त्या टप्प्यावर गाइडची सही हवी. ही सही शेवटच्या आठवड्यात मागायला गेलात तर गाइड नेमके बाहेरगावी असतात. टप्पा झाला त्याच दिवशी ती घ्या.

मुदतीचा घोळ मात्र दरवेळी होतो. सूचनेत ज्युरीची तारीख ठळक छापतात आणि सबमिशनची वेळ खाली बारीक अक्षरात. मुलं ठळक तारीख धरून चालतात. बहुतेक ठिकाणी शीट ज्युरीच्या आदल्या दिवशी किंवा त्याही आधी जमा होतात आणि त्यानंतर बदलता येत नाहीत. त्याच सूचनेत "आवश्यक ती सर्व ड्रॉइंग" असंही एक वाक्य असतं. आवश्यक कोणती, हे लिहायला कोणाला वेळ झालेला नसतो. स्केल कोणतं, सेक्शन किती, एरिया स्टेटमेंट वेगळं हवं का, हे विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी मिळालेलं उत्तर ज्युरीच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

प्रिंटबद्दल एकच गोष्ट सांगतो. प्रिंटच्या खिडकीत `Fit` निवडलेलं राहिलं तर शीट कागदात बसवण्यासाठी ड्रॉइंग थोडं लहान होतं, आणि 1:100 लिहिलेला प्लॅन 1:100 राहत नाही. ज्युरर स्केल लावतात, 900 मिमीचं दार 850 च्या आसपास भरतं, आणि पुढची पाच मिनिटं त्यातच जातात. `Actual size` निवडा आणि एक दार स्वतः मोजून पाहा.

कोणाकडेच नसलेला कागद

सूचनेच्या यादीत हा कागद नसतो, पण ज्युरी त्याच्यावरच चालते. कोणते मुख्य निर्णय घेतले, प्रत्येकासाठी दुसरे कोणते पर्याय काढून पाहिले, ते का सोडले आणि निवडलेल्या पर्यायात काय गमवावं लागलं, एवढं सांगणारं एक पान. तीन-चार निर्णय पुरेत. त्याला निर्णयांचं पान म्हणू.

ते नसतं, कारण जुन्या ट्रेसिंग टेबल आवरताना कचऱ्यात जातात आणि संगणकावरची फाइल रोज त्याच नावानं सेव्ह होते. सत्राच्या शेवटी फक्त जिंकलेला पर्याय उरतो. हरलेले पर्याय दिसत नाहीत, त्यामुळे ज्युररना वाटतं की पहिलं सुचलं तेच काढलं. दर आठवड्याला तारीख घालून फाइलची वेगळी प्रत ठेवा आणि ट्रेसिंगचा फोटो काढा. वेळ गेलीच असेल, तर खरोखर विचारात घेतलेले पर्याय आता रफ काढून लावा. पण न केलेला विचार रचून लावू नका. असे बनवलेले पर्याय मुद्दाम कच्चे असतात आणि अनुभवी नजरेला ते लगेच कळतात.

पान कसं वापरायचं ते एका प्रकल्पावर दाखवतो. रस्त्यालगत छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. समोर 4.5 मीटर जागा सोडणं बंधनकारक. पावसाचं पाणी साचतं म्हणून तळमजल्याची जमीन 600 मिमी उचललेली. चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार 1:12 धरला, म्हणजे लांबी 7.2 मीटर, वर 1.5 मीटरचा सपाट भाग. दारातून सरळ बाहेर काढला तर 8.7 मीटर लागतात आणि जागा 4.5 ची. म्हणून विद्यार्थिनीनं प्रवेश रस्त्यावरून काढून बाजूच्या गल्लीत नेला. भिंतीलगत रॅम्प, शेजारी पायऱ्या, दोन्ही एकाच सपाट भागावर येतात. रस्त्यावरून दार दिसत नाही ही त्याची किंमत. ती कमी करायला तिनं तळमजल्याचा कोपरा 3 मीटर कापला.

पानावर तीन छोटे प्लॅन होते. पहिला सरळ रॅम्पचा, त्यावर 8.7 आणि 4.5 हे आकडे. दुसरा दर्शनी भिंतीला समांतर रॅम्पचा, त्यात रॅम्पचा कठडा मुलांच्या विभागाच्या खिडकीसमोर येत होता. तिसरा निवडलेला. प्रत्येकाखाली एक ओळ, जास्त काही नाही.

दहा मिनिटं कशी वापरायची

वेळ साधारण आठ ते दहा मिनिटं मिळते. त्यातली सहा साइट अ‍ॅनालिसिस आणि केस स्टडीत गेली की सेक्शनपाशी येईपर्यंत "आटपा" ऐकू येतं. पहिल्या दोन वाक्यांत इमारत कसली, कोणासाठी आणि सगळ्यात मोठी अडचण कोणती, हे सांगून टाका. त्यानंतर एखाद्या माणसाला फाटकातून आत न्या आणि त्याच्या वाटेनं प्लॅन दाखवा. निर्णय वाटेत जिथं येतील तिथं सांगा. कन्सेप्ट कवितेसारखा वाचून दाखवण्याची हौस घरी ठेवा.

शांत राहायचं म्हणजे नेमकं काय? पहिली दोन वाक्यं शब्दशः पाठ, बाकी काहीही पाठ नाही. सगळं पाठ केलं की मध्येच आलेल्या प्रश्नानं दोर तुटतो, आणि ज्युरर मध्ये बोलतातच. शीटच्या बाजूला उभे राहा, जागेवर पेन टेकवून बोला. हात थरथरत असेल तर कागदावर टेकलेला पेन स्थिर राहतो. सराव अशा माणसासमोर करा ज्यानं प्रकल्प पाहिलेला नाही, आणि त्याला मध्येच अडवायला सांगा. रात्रभर प्लॉटिंग करून आलेल्याला यातलं काहीच जमत नाही.

टीका आली की

आधी ओळखा की बोलणं कसलं आहे. काही प्रश्न फक्त माहितीचे असतात. "हे स्वच्छतागृह कुठंय?" याच्यात हल्ला नसतो, बोट ठेवून दाखवा आणि गप्प बसा. काही वेळा ड्रॉइंगची चूक सापडलेली असते. काही वेळा निर्णयच पटलेला नसतो. मुलं तिन्हींना एकाच घाबऱ्या आवाजात उत्तर देतात, तिथंच गडबड होते.

त्या वाचनालयाच्या ज्युरीतली देवाणघेवाण साधारण अशी झाली.

"सेक्शनमध्ये प्लिंथ 450 दिसतोय, प्लॅनमध्ये 600. खरं काय?"

"600, मॅडम. सेक्शन दुरुस्त करायचा राहिला. रॅम्पची लांबी 600 वरूनच काढली आहे."

एवढंच. चूक मान्य, परिणाम कुठपर्यंत जातो ते सांगितलं, विषय संपला. प्रिंटवाल्याची तक्रार केली असती तर तो वाढला असता.

"पण सार्वजनिक इमारतीचं दार लपवतात का? समोरच हवं."

इथं ती थोडी थांबली, मग निर्णयांच्या पानाकडे गेली. "समोर दोन पर्याय पाहिले. सरळ रॅम्प बसत नाही. समांतर बसतो, पण मुलांच्या खिडकीसमोर कठडा येतो, आणि पायऱ्यांनी येणारा सरळ दारात जातो तर खुर्चीवरचा सबंध दर्शनी भिंत ओलांडून येतो. मला दोघं एकाच जागेवरून आत यायला हवे होते. त्यासाठी दार रस्त्यावरून दिसण्यावर पाणी सोडलं आणि कोपरा कापला."

"रात्री त्या गल्लीतून कोण येईल?"

"ग्रंथपालाच्या टेबलाची खिडकी गल्लीकडे आहे, ती प्लॅनमध्ये दिसते. दिव्यांची योजना मात्र दाखवलेली नाही. ती हवी होती."

मॅडमना दार तिथं पटलं असं नाही. त्यांनी तसं सांगितलंही. पण पुढचं बोलणं दिव्यांवर आणि कोपऱ्यावर झालं, निर्णय उचलून फेकला गेला नाही. बचाव म्हणतात तो इतकाच असतो: अडचण, पाहिलेले पर्याय, मोजलेली किंमत. किंमत तुम्ही स्वतः आधी सांगितलीत की ज्युररना ती शोधून काढायचा हुरूप राहत नाही.

एक उत्तर कधीच देऊ नका: "सरांनी असं करायला सांगितलं." सर बहुधा तिथंच बसलेले असतात, आणि नसले तरी त्या वाक्यानंतर निर्णय तुमचा उरत नाही. गाइडचं म्हणणं पटलं होतं तर का पटलं ते सांगा. "दिसायला छान वाटलं" हेही त्याच रांगेतलं. काय छान, कुठून पाहताना, कोणाला, याचं उत्तर असेल तरच बोला.

सगळंच लढवायचं नसतं. ज्युररनं सुचवलेला बदल खरंच बरा असेल तर "त्यानं जिना मोकळा होतो, पण वरची बसायची जागा कमी होते" असं काय सुधारतं आणि काय हलतं ते बोलून दाखवा. नुसतं "हो सर, हो सर" करत राहिलात तर निर्णयांची पानं लावूनही उपयोग नाही. आणि दोन ज्युरर आपसात भांडायला लागले तर मध्ये पडू नका. ते थांबले की तुमच्या प्रकल्पात दोन्हींपैकी काय आधी येतं, ते एका वाक्यात सांगा.

शेरे स्वतः लिहायचा प्रयत्न करू नका. उत्तर देताना लिहिलेलं अर्धं राहतं. मित्राला वही देऊन मागं बसवा. कोण बोललं, कोणत्या शीटबद्दल, काय, एवढं त्यानं टिपावं. सुधारित शीटची मुदत बहुतेकदा ज्युरीच्या दिवसापासून मोजतात, शेरे टाइप होऊन हातात येतात तेव्हापासून नाही. विभागाचा कागद यायची वाट पाहत बसलेल्यांची मुदत बऱ्याचदा तोवर संपलेली असते, म्हणून त्याच संध्याकाळी मित्राच्या वहीवरून काम सुरू करा आणि कागद आल्यावर ताडून पाहा.