लिरिक व्हिडिओत शब्द तालावर कसे बसतात

आमच्याकडे लिरिक व्हिडिओ करून घेताना बहुतेक वेळा एकच तक्रार येते: "शब्द जरा मागे-पुढे वाटतोय." ही अडचण सहसा कुठे असते आणि आम्ही ती कशी काढतो, ते इथे सांगितले आहे. पहिला कट तपासताना त्याचा उपयोग होईल.

आमचे व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचे असतात, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. गाण्याची लय मिनिटाला 75 मात्रांची असेल, तर एक मात्रा बरोबर 20 फ्रेमची होते. लय 90 असेल तर 16.67 येतात आणि इथेच घोटाळा होतो. दर मात्रेला 17 फ्रेम धरत गेले, तर सुरुवातीला काहीच कळत नाही, पण 50 मात्रांनंतर, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटात, शब्द पूर्ण एक मात्रा उशिरा येतो. म्हणून आम्ही मागच्या मात्रेत बेरीज करत जात नाही. प्रत्येक मात्रेची जागा गाण्याच्या सुरुवातीपासून मोजतो. क्लिकशिवाय वाजवलेल्या गाण्यात हे गणित चालत नाही, तिथे ऐकून हातानेच खुणा कराव्या लागतात.

पण मात्रा सापडली म्हणजे शब्दाची जागा सापडली असे नाही. "सांज उतरली अंगणात" ही ओळ नमुन्यादाखल घेऊ. ताल केरवा, आठ मात्रा, लय 75. सम 500 व्या फ्रेमवर आहे. "सांज" मधला "स"चा सुसकारा 496 च्या आसपास सुरू होतो, पण कानाला ठोका लागतो तो "आ" या स्वराचा, 500 वर. म्हणून शब्द 495 ला यायला लागतो आणि 500 ला स्थिर, वाचता येईल असा असतो. खूण सुसकाऱ्यावर ठेवली तर शब्द घाईत आल्यासारखा वाटतो. "उतरली" स्वरानेच सुरू होतो. तिसऱ्या मात्रेवर, 540 ला तो पूर्ण दिसायला हवा, म्हणून हालचाल 536 पासून.

"अंगणात" पाचव्या मात्रेवर, 580 ला अपेक्षित आहे. गायिकेने तो अर्धी मात्रा मागे ओढून 590 ला घेतला, तर शब्दही 590 ला येतो. शब्द गळ्याबरोबर जातो, मागची दृश्ये तबल्याबरोबर. उलट केले की पाहणाऱ्याला गाणेच बेताल वाटू लागते.

शब्द झपकन यावा आणि शेवटी हळू व्हावा. सुरुवातही हळू ठेवली, तर ठोक्याच्या क्षणी तो अर्धवटच दिसतो आणि खूण बरोबर असूनही उशिरा आल्यासारखा वाटतो.

देवनागरीत एक अडचण जास्तीची आहे. इंग्रजीसारखे एकेक अक्षर उडवत आणले, तर शिरोरेषा तुटते आणि "प्रिया"तली पहिली वेलांटी "प्र"च्या आधी एकटीच उगवते. म्हणून आम्ही पूर्ण शब्द आणतो किंवा उच्चाराप्रमाणे तोडतो: "उ-तर-ली". अक्षरांमधले अंतरही वाढवत नाही, कारण शिरोरेषेत फटी पडतात.

फॉन्ट गाण्याच्या मूडवर ठरतो, पण हालचालीचाही विचार करावा लागतो. वरच्या ओळीसाठी आम्ही Tiro Devanagari Marathi घेऊ. त्याच्या जाड-बारीक रेषा संथ, हळव्या गाण्याला शोभतात, आणि "ल" व "श" मराठी वळणाचे येतात. मात्र बारीक रेषा वेगाने हलल्या की मोबाइलवर लुकलुकतात, त्यामुळे इथे शब्द उडत येत नाही, जागेवरच उजळतो. ढोलकीच्या ठसक्याला किंवा बालगीताला Baloo 2 चा गोल, जाड आकार झेपतो, त्यात शब्द उसळी मारून आला तरी चालतो. रॅपला अरुंद Khand बरा, कारण ओळीत शब्द जास्त मावतात. रॅपमध्ये मात्रेला चार अक्षरे पडतात. एकेक शब्द दाखवला तर वाचायला वेळच उरत नाही, म्हणून तीन-चार शब्दांचा गट एकदम आणून चालू शब्दाचा रंग बदलतो.

आपल्याकडून गाण्याचे अंतिम मिक्स हवे, 48 किलोहर्ट्झच्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये. एमपी३ करताना सुरुवातीला थोडी शांतता भरली जाऊ शकते आणि सगळे शब्द एक-दोन फ्रेमने सरकतात. कच्च्या मिक्सवर काम झाल्यावर अंतिम मिक्सची सुरुवात कापलेली आली, तरी तेच होते. गीत लिहून देताना गायलेलेच शब्द द्या, पुनरावृत्तीसह.

कट तपासताना वायरचे इअरफोन लावा. ब्लूटूथवर आवाज 100 ते 200 मिलिसेकंद उशिरा पोचू शकतो, म्हणजे पाच फ्रेमपर्यंत, आणि प्रत्येक ॲप ते सांभाळून घेत नाही. वायरवरही शब्द चुकलेला वाटला, तर मिनिट-सेकंद आणि "आधी" की "नंतर" एवढे कळवा. सगळेच शब्द सारखे चुकत असतील तर फाइल सरकली आहे, पुढे-पुढे चूक वाढत असेल तर लय चुकीची मोजली आहे, आणि एखादाच चुकत असेल तर ती खूण आम्ही पुन्हा बसवतो.